शनिवारी घाणा का थांबत असे?

कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांत तेल गाळणारी काही घरं होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या सुमारास ती घाणा थांबवत, बैल सोडत आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत कामाला हात लावत नसत. गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. ही बेने इस्रायलांची घरं. त्यांच्याजवळ तेव्हा धर्मग्रंथ नव्हता, हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती, कित्येक सणांचा पत्ताही नव्हता. राहिलं होतं ते मोजकंच: मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची हा नियम, ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द आणि शनिवारची सुट्टी. बाहेरून आलेल्या ज्यूंनी त्यांना आपले म्हणून ओळखलं ते याच खुणांवरून.

बाकी एवढं सगळं विसरलेल्या लोकांच्या अंगात हा एक दिवस कसा काय मुरून राहिला? आठवड्यातून एकदा दमलेल्या शरीराला विसावा, एवढाच त्याचा अर्थ असता तर तो टिकण्याचं फारसं कारण नव्हतं. हातावर पोट असलेला माणूस पोटासाठी विसाव्यावर पहिलं पाणी सोडतो. ज्यूंच्या शब्बाथमध्ये विसाव्यापलीकडचं काहीतरी आहे, आणि ते समजून घ्यायचं तर तत्त्वज्ञानापेक्षा त्या दिवसाच्या नियमांपासून सुरुवात केलेली बरी.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी घरातली बाई मेणबत्त्या लावते. जेरुसलेममध्ये 40 मिनिटं आधी लावायची प्रथा आहे. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. सगळे मिळून साधारण पंचवीस तास. या वेळात काय चालत नाही, याची यादी इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत आहे. तिथे ‘चाळीसला एक कमी’ अशी 39 कामं दिली आहेत.

ही यादी प्रथम वाचणारा माणूस गोंधळतो, कारण तिचा मेहनतीशी सरळ संबंधच लागत नाही. घरातल्या घरात जड टेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत नेलं, घाम निघाला, तरी शब्बाथ मोडत नाही. उलट काडेपेटीची एक काडी ओढली की मोडला. चार मजले चढून जाणं चालतं, पण कागदावर दोन अक्षरं लिहिणं चालत नाही. दमणं हा मुद्दा असता तर नियम नेमके उलटे असायला हवे होते.

मुद्दा कळतो तो यादी नीट पाहिल्यावर. पहिली अकरा कामं नांगरणी, पेरणीपासून सुरू होतात आणि कापणी, मळणी, उपणणी, दळण, चाळण, मळणं असं करत भाकरी भाजण्यापाशी थांबतात. पुढची तेरा मेंढीची लोकर कातरण्यापासून निघून धुणं, पिंजणं, रंगवणं, सूत काढणं, विणणं, शिवणं अशी कापडापर्यंत येतात. त्यानंतर शिकार, कातडं कमावणं आणि त्यावर लिहिणं. शेवटी बांधणं आणि पाडणं, विझवणं आणि पेटवणं, वस्तू पुरी करणारा हातोड्याचा अखेरचा घाव, आणि घरातली वस्तू बाहेर किंवा बाहेरची घरात नेणं. अन्न, वस्त्र, चामडं आणि लेखन, निवारा, आग, दळणवळण. माणसाने निसर्गाला आपल्या मर्जीप्रमाणे वळवलं ते ज्या ज्या मार्गांनी, त्यांची ही जवळजवळ पूर्ण मोजणी आहे.

राब्बींनी ही यादी हवेतून काढली नाही. ‘निर्गम’ या ग्रंथात इस्राएल लोकांनी रानात देवासाठी निवासमंडप कसा उभारला त्याचं बारीक वर्णन आहे, आणि त्या वर्णनाला लागूनच शब्बाथची आज्ञा दिलेली आहे. दोन्ही विषय शेजारी का ठेवले, असा प्रश्न राब्बींनी विचारला. त्यांचं उत्तर असं: मंडप बांधायला जी जी कामं लागली, तीच शब्बाथला थांबवायची. देवाचं घर बांधण्यासारखं पुण्याचं कामसुद्धा त्या दिवशी बंद. मग तेलाच्या घाण्याची काय कथा.

म्हणजे थांबवायची आहे ती हाताची मालकी. सहा दिवस माणूस प्रत्येक वस्तूकडे ‘हिचं काय करता येईल’ या नजरेने पाहतो. सातव्या दिवशी ती वस्तू आहे तशी राहू द्यायची. झाडावरचं फळ झाडावर, ओलं कापड ओलं, जळता दिवा जळता.

हे किती बारीक जातं, त्याचं एक उदाहरण घेऊ. 39 कामांत एक आहे निवडणं, म्हणजे चांगलं आणि टाकाऊ वेगळं करणं. आपल्याकडे तांदळातले खडे निवडतात, ते अगदी हेच काम. आता शब्बाथच्या जेवणाला समोर वाटीत द्राक्षं आली आहेत आणि त्यांत चार सडकी आहेत. सडकी उचलून फेकली तर ते निवडणं झालं, नियम मोडला. मग करायचं काय? चांगली द्राक्षं एकेक उचलायची, तीही हाताने, चाळणीने वगैरे नाही, आणि लगेच खायला लागतील तेवढीच. तिन्ही अटी पाळल्या की ते निवडणं राहत नाही, साधं खाणं होतं. वाटीत सडकी द्राक्षं उरतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. माल स्वच्छ करून ठेवणाऱ्याची आणि जेवणाऱ्याची हालचाल जवळजवळ सारखीच दिसते, पण कायद्याला दोघांमधला फरक कळतो.

याच नियमाने माशांचं काय झालं तेही सांगण्याजोगं आहे. मासा खाताना काटे काढणं म्हणजे टाकाऊ भाग वेगळा करणं. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत यावर तोडगा निघाला तो असा: शुक्रवारीच मासा काटे काढून कुटायचा, त्याचे गोळे करून शिजवून ठेवायचे. ‘गेफिल्टे फिश’ नावाचा हा पदार्थ शब्बाथच्या ताटात एवढा रुळला त्यामागे हे कारण सांगितलं जातं. आपल्यासारख्या काटे चघळत मासे खाणाऱ्यांना तो जरा मिळमिळीत वाटेल, हा भाग वेगळा.

आगीचा नियम तर थेट तोरामध्येच आहे: शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये. पेटवू नये, पण आधीच पेटलेला असेल तर त्याची ऊब घ्यायला हरकत नाही. यावर शनिवारचं जेवण उभं राहिलं. शुक्रवारी दुपारी मांस, कडधान्य, सातू, बटाटे एका भांड्यात घालून शिजवायला घ्यायचे आणि सूर्यास्तापूर्वी मंद आचेवर ठेवून द्यायचे. पूर्वी ही भांडी गावातल्या बेकरीच्या भट्टीत जात. आता शेगडीवर धातूचा पत्रा टाकून त्यावर ठेवतात. रात्रभर मुरून दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडायचं. युरोपातले ज्यू याला ‘चोलेंत’ म्हणतात, भूमध्य समुद्राकडचे ‘हामीन’.

विजेचा शोध लागल्यावर प्रश्न आला: बटण दाबणं हे काय आहे? जुन्या बल्बची तार तापून लाल होते, म्हणून ते विस्तव पेटवणंच, हे बहुतेकांना पटलं. पण पंख्याचं काय? विसाव्या शतकातले मोठे राब्बी हझोन इश यांनी मंडळ पूर्ण करणं हे ‘बांधण्या’त धरलं. जेरुसलेमचे राब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख यांना तो युक्तिवाद पटला नाही, तरी रूढ झालेली बंदी त्यांनी कायम ठेवली. आजच्या कर्मठ घरात शुक्रवारी दुपारी दिव्यांना टायमर लावतात, फ्रीजमधला बल्ब काढून ठेवतात, फोन बंद करून खणात टाकतात. उंच इमारतींत लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत चालू राहते, बटण कुणी दाबायचं नाही.

या टायमर आणि लिफ्टवरून ‘ही देवाची फसवणूक नाही का’ असं हसून विचारणारे पुष्कळ आहेत. मला तो प्रश्न थोडा उथळ वाटतो. घरात काळोख करा, जिने चढून दमा, असं शब्बाथ कुठेच सांगत नाही. उलट यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात या दिवसाला आनंद म्हणावं असं सांगितलं आहे, आणि म्हणून चांगलं जेवण, स्वच्छ कपडे, दुपारची झोप हीसुद्धा पाळायचीच कर्तव्यं मानली जातात. त्या पंचवीस तासांत तुम्ही काही बदलायला निघता की नाही, एवढंच पाहायचं असतं.

आता मूळ प्रश्न. या थांबण्यातून साधायचं काय?

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या फिलो या ज्यू तत्त्वज्ञाने ग्रीक वाचकांना एक सोपं उत्तर दिलं. विश्रांतीने शरीर ताजं होतं आणि माणूस नव्या जोमाने कामाला लागतो, खेळाडू दम घेतात तसा. रोमन लेखक ज्यूंना आळशी म्हणत. सेनेकाने तर आयुष्याचा सातवा हिस्सा वाया घालवणारे लोक, अशी टीका केली. तशा जगात फिलोचा बचाव समजण्यासारखा होता. पण तो बचाव कामाच्याच बाजूचा आहे, कारण त्यात विश्रांती ही कामाची चाकर ठरते. आजही सुट्टी का द्यावी याचं कारखान्यातलं उत्तर हेच असतं: सोमवारी उत्पादन वाढतं.

पोलंडमधून अमेरिकेत गेलेले राब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांनी 1951 मध्ये शब्बाथवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात फिलोचं हे म्हणणं स्पष्टपणे नाकारलं. त्यांच्या मते शब्बाथ आठवड्यासाठी नसून आठवडाच शब्बाथसाठी आहे. हे निव्वळ काव्य नव्हे, परंपरेत त्याला पुरावे आहेत. हिब्रूत वारांना नावं नाहीत. रविवार म्हणजे पहिला दिवस, सोमवार दुसरा, आणि नाव असलेला दिवस एकच. तालमूदमध्ये शम्माय या जुन्या आचार्याची गोष्ट आहे. बाजारात एखादं चांगलं जनावर दिसलं की तो म्हणे, हे शब्बाथसाठी. दोन दिवसांनी त्याहून चांगलं मिळालं की नवं शब्बाथला राखून ठेवी आणि आधीचं खाऊन टाकी. म्हणजे आठवडाभर तो जे खाई ते शब्बाथसाठी आणलेलंच असे. त्याच तालमूदमध्ये मोठमोठे पंडित शुक्रवारी काय करत तेही नोंदवलं आहे: कुणी जनावराचं डोकं भाजत असे, कुणी मासा खारवत असे. नोकर असूनही स्वतः.

याहून नेमकं उत्तर एका जुन्या राब्बीय भाष्यात सापडतं. आज्ञा म्हणते, सहा दिवसांत तुझं सगळं काम कर. भाष्यकार विचारतात, सहा दिवसांत कुणाचं सगळं काम कधी संपतं का? संपत नाही. मग आज्ञेचा अर्थ असा लावायचा: काम जणू संपलं आहे, असं समजून थांब. शब्बाथच्या विश्रांतीचं सगळं मर्म मला या एका अटीत दिसतं. अपुरं काम तसंच टाकून, त्याचा विचारही मनातून काढून बसायचं. म्हणून शब्बाथला धंद्याचं बोलणं होत नाही, उद्याच्या खरेदीची यादी तोंडीसुद्धा केली जात नाही, पैशाला हात लावत नाहीत. दमलेल्या माणसाला झोप पुरते. ज्याचं डोकं हिशेबातून सुटत नाही त्याला झोप पुरत नाही, त्याला हिशेब करण्याची मनाई लागते. आणि आपण पंचवीस तास काही केलं नाही तरी जग चालू राहतं, हे तो दर आठवड्याला डोळ्यांनी पाहतो. उत्पत्तीच्या कथेत देवही सातव्या दिवशी थांबतो, आणि तो थकला होता असं कोणताही राब्बी म्हणत नाही.

पण हे सगळं झालं मालकाबद्दल. नोकराचं काय?

दहा आज्ञा तोरामध्ये दोनदा येतात. ‘निर्गम’मध्ये शब्बाथचं कारण सृष्टीची निर्मिती असं दिलं आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथात मात्र वेगळं कारण आहे: तू मिसर देशात गुलाम होतास, हे आठव. तिथे कुणी कुणी थांबायचं त्याची यादीही दिली आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, बाकीची जनावरं, तुझ्या वेशीत राहणारा परका. आणि पुढे उद्देश सांगितला आहे: तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. गुलाम म्हणजे ज्याला थांबण्याचा अधिकार नाही तो. जो स्वतः थांबतो आणि दुसऱ्याला थांबवत नाही, त्याने मिसर सोडलेला नाही. घाण्याचा बैल या यादीत नावानिशी आहे, हे कोकणातल्या तेल्यांना ग्रंथ न वाचताही ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट पाळणं सोपं कधीच नव्हतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात जेरुसलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याला शब्बाथच्या दिवशी लोक द्राक्षं तुडवताना आणि गाढवांवर धान्य लादून आणताना दिसले. सोर शहराचे व्यापारी मासळी विकत होते. त्याने सरदारांना झापलं आणि शुक्रवारी सांज होताच शहराच्या वेशी बंद करायला लावल्या. व्यापारी एकदोनदा भिंतीबाहेर मुक्कामाला राहिले. पुन्हा याल तर धरीन, असा दम भरल्यावर यायचे बंद झाले. त्याच्या हे ध्यानात आलं होतं की बाजार उघडा असेल तर एकट्याची विश्रांती टिकत नाही. आज इस्रायलमध्ये बहुतेक शहरांत शब्बाथला सार्वजनिक बस धावत नाही आणि एल अल ही विमान कंपनी उड्डाणं करत नाही, त्यामागे तोच विचार आहे. पण वेस बंद करणारा हात राज्याचा असला की भांडण लागतं. जेरुसलेममधला बार-इलान रस्ता शब्बाथला वाहनांसाठी बंद करावा की नाही, यावरून 1990 च्या दशकात निदर्शनं झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याच्याकडे गाडी नाही त्या निधर्मी माणसाला शनिवारी समुद्रावर जाता येत नाही. त्याला हा विसावा वाटत नाही, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही.

बिघाड घरातही होतो. युरोपात शेजारच्या बिगर-ज्यू मुलाकडून शब्बाथला चूल पेटवून घ्यायची रीत होती. तसं सरळ सांगून काम करून घ्यायला कायद्याची मनाई आहे, म्हणून आडून सुचवायचं. नियम वाचला, पण दुसऱ्याला आपल्यासाठी राबवलं, म्हणजे ‘अनुवाद’मधलं कारण हरवलं. दुसरा बिघाड शुक्रवारचा. शनिवारची सगळी विश्रांती शुक्रवारी सूर्यास्तापर्यंत कुणीतरी रांधून, झाडून, धुऊन ठेवलेली असते, आणि ती बहुधा घरातली बाई असते. मासा खारवणाऱ्या पंडितांची गोष्ट नवऱ्यांना वाचून दाखवायला हवी ती यासाठी.

एका ठिकाणी मात्र सगळे नियम बाजूला होतात. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास ग्रीक राजा अंतियोखसाच्या सैन्याने रानात लपलेल्या ज्यूंवर शब्बाथच्या दिवशी हल्ला केला. त्यांनी हत्यार उचललं नाही आणि बायकामुलांसह मारले गेले. त्यानंतर मत्तथियाने ठरवलं की शब्बाथलाही लढायचं. पुढे राब्बींनी हे तत्त्व पक्कं केलं: जीव धोक्यात असेल, धोक्याची नुसती शंका असेल, तरी शब्बाथ मोडायचा. एक शब्बाथ मोडून माणूस वाचला तर तो पुढे कितीतरी पाळेल, असा त्यांचा हिशेब. रोग्यासाठी गाडी चालवायची, दिवे लावायचे, फोन करायचा. हे काम शक्यतो जाणत्या ज्यू माणसाने स्वतः करावं असंही सांगितलं आहे. मुलांवर किंवा परक्यावर ढकललं तर लोकांना वाटेल की यात काही पाप आहे, आणि पुढच्या वेळी कुणीतरी कचरेल.

कधी एखाद्या ज्यू घरी शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण आलं तर सूर्यास्तापूर्वी पोचा. उशीर झालाच तर बेल वाजवू नका, दारावर टकटक करा. यजमान पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हणतील. बेने इस्रायल घर असेल तर त्यात वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असण्याचा संभव आहे. झाकलेले पाव दोन असतील, रानात शुक्रवारी मान्ना दुप्पट मिळे त्याची ती आठवण. फोटो काढू नका, फोन खिशातच राहू द्या. आणि हात धुऊन बाहेर येताना सवयीने दिवा मालवू नका, तो शनिवारी रात्रीपर्यंत कुणालाच लावता येणार नाही.